पिवळं डोकं म्हणजे भारतच असं नाही

"फोटोवरून देश ओळखताना रस्त्याकडेला पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड दिसला की देश भारतच ना?"

नाही ओ. सातारा-कराड पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तसं वाटणारच, कारण आपल्याकडं राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं आणि खालचं अंग पांढरं. पण फ्रान्समध्येही अगदी असाच पिवळं डोकं, पांढरं अंग असलेला दगड असतो, तिथं पिवळा म्हणजे जिल्हा पातळीचा रस्ता आणि लाल म्हणजे राष्ट्रीय.

आता समजा फोटोत असा दगड आहे, कडेला शेत, आणि माणूस एकही नाही. आधी गाड्या बघा, उजव्या बाजूनं चालत असतील तर भारत तिथंच कटाप. गाडी नसेल तर दगडाच्या डोक्यावर झूम करा, फ्रान्सच्या दगडावर तिथं रस्त्याचा नंबर असतो आणि त्याच्या आधी डी हे रोमन अक्षर. आपल्या दगडावर गावाचं नाव देवनागरीत किंवा त्या राज्याच्या लिपीत सापडतं, मात्र काही दगडांवर इंग्रजी असतं त्यामुळं देवनागरी दिसली नाही म्हणून भारत लगेच खोडू नका.

आणि उलटी चूक पण होते बरं का, पिवळा दिसला नाही म्हणून लोक भारत सोडून देतात. महामार्ग सोडून आत वळलात की राज्य मार्गाचे दगड हिरव्या डोक्याचे, आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर नारिंगी. ऊन-पावसानं उडालेला नारिंगी लांबून पिवळाच वाटतो, तेव्हा नुसत्या रंगावर देश ठरवूच नका, अक्षरं वाचा.