अक्षर मोठं केलं की पान का मोडतं? झूमची थोडी जुनी गोष्ट

आत्याचं वय 78, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात, आणि तिची तक्रार अशी की बातम्या वाचायला घेतल्या की वरचा मेनू मजकुरावर चढून बसतो, काहीच कळत नाही. लॅपटॉप बघितला तर कोणीतरी प्रेमाने फायरफॉक्समध्ये 170 टक्के झूम करून ठेवलेलं, आणि सोबत `Zoom text only` या चौकटीत टिक. खरी भानगड त्या टिकमध्ये होती. ती टिक मुळात तिथे का आहे हे समजायचं तर वीसेक वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या ब्राउझरमध्ये मोठं करणं म्हणजे फक्त अक्षर मोठं करणं. चित्रं, रकाने, बटणं आहेत तेवढीच राहायची. तेव्हाची पानं साधी, मजकूर वरून खाली वाहत जायचा त्यामुळे फारसं काही बिघडत नसे. मग डिझाइन करणाऱ्यांना पान छापील मासिकासारखं जागच्या जागी हवं झालं, त्यांनी रकान्यांची रुंदी आणि अक्षरांचा आकार दोन्ही पिक्सेलमध्ये पक्के बांधायला सुरुवात केली. आणि इथे वयस्कर माणसांचं मोठं नुकसान झालं, कारण विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर 6, जो तेव्हा बहुतेकांकडे असायचा, पिक्सेलमध्ये दिलेलं अक्षर मेनूतून मोठं करायचाच नाही. मेनूत `Largest` निवडा नाहीतर `Smallest`, पान ढिम्म. वेबसाइटवाल्यांनी मग पानाच्या कोपऱ्यात लहान-मोठे `A` अशी आपापली बटणं बसवली, ती अजूनही कितीतरी ठिकाणी दिसतात, पण ती त्या एका साइटपुरतीच चालतात.

उपाय आला तो सगळं पानच मोठं करण्याचा. ऑपेरा ब्राउझरमध्ये हे आधीपासून होतं, 2006 मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर 7 ने घेतलं आणि 2008 मध्ये फायरफॉक्स 3 ने तेच नेहमीचं झूम केलं. जुनी फक्त-अक्षर पद्धत ज्यांना हवी त्यांच्यासाठी एका टिकमध्ये ठेवली. तीच आत्याच्या लॅपटॉपवरची टिक. अक्षर 170 टक्के झालं पण मेनूची पट्टी तेवढ्याच उंचीची राहिली, मग शब्द बाहेर सांडणारच. आपल्या देवनागरीत हे आणखी लवकर दिसतं कारण वर मात्रा आणि खाली उकार असतो, चौकट अपुरी पडली की आधी तेच कापले जातात. एखाद्या बटणावर वेलांटीचं टोक किंवा उकार गायब दिसला तर समजा की अक्षर वाढलंय पण डबा वाढलेला नाही.

टिक काढली, पण पूर्ण पानाच्या 170 टक्क्यांवरही पान कोंबल्यासारखंच दिसत होतं, आणि इथे बरेच लोक चुकतात, झूम कमी करतात. मी उलट 200 टक्के केलं आणि पान एकदम सुटसुटीत झालं. कारण असं. 2010 मध्ये ईथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना मांडली, म्हणजे पान उपलब्ध रुंदी बघून स्वतःची मांडणी बदलतं. पूर्ण पानाचं झूम केलं की ब्राउझर पानाला रुंदी कमी आहे असंच सांगतो. आत्याचा स्क्रीन 1366 पिक्सेल रुंद, 170 टक्क्यांवर पानाला साधारण 803 मिळतात. त्या साइटची मोबाइलवाली मांडणी 768 च्या खाली सुरू होत होती, म्हणून 803 मध्ये ती अजून तीन रकानेच कोंबत होती. 200 टक्क्यांवर रुंदी 683 झाली, साइटला वाटलं फोन आहे, एकच रकाना आला, मेनू तीन रेघांच्या बटणात गेला. तेव्हा एखादं पान मधल्याच झूमवर विस्कटलं तर एक पायरी वर जाऊन बघाच.

ही युक्ती सगळीकडे चालेल असं नाही. 200 टक्क्यांवर पानाला मिळणारी स्क्रीनची उंचीही अर्धी होते, 768 ची 384, त्यातून ब्राउझरच्या पट्ट्या जातात, आणि साइटची वरची पट्टी चिकटून राहणारी असेल तर वाचायला चार ओळी उरतात. तिथे रीडर व्ह्यू, म्हणजे नुसता लेखाचा मजकूर दाखवणारी ब्राउझरची सोय, लावणं हाच मार्ग.

फोनची कथा वेगळी वाटते पण आतून तीच आहे. 2007 चा आयफोन प्रत्येक पान 980 पिक्सेल रुंद आहे असं धरून ते छोट्या स्क्रीनमध्ये बसवायचा आणि आपण दोन बोटांनी मोठं करायचो. वेबसाइटवाल्यांना खरी रुंदी सांगता यावी म्हणून एक ओळ आली, आणि बऱ्याच जणांनी तिच्या शेवटी झूम बंद करणारा तुकडा जोडून दिला:

```
<meta name="viewport" content="width=device-width, user-scalable=no">
```

ज्याला दिसत नाही त्याच्या हातातून भिंग काढून घेण्याचाच हा प्रकार होता. 2016 मध्ये आयओएस 10 पासून सफारीने तो तुकडा मानणं सोडलं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये `Accessibility` खाली `Force enable zoom` आहे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर मी सगळ्यात आधी चालू करते.

त्याच वर्षी अँड्रॉइड 7 मध्ये `Font size` च्या जोडीला `Display size` आलं. हे म्हणजे परत तेच दोन प्रकार, पहिला फक्त अक्षर वाढवतो, दुसरा अक्षर, आयकॉन, बटणं सगळं एकत्र. म्हणून आधी `Display size` एक-दोन पायऱ्या वाढवायचा, आणि तरी कमी पडलं तरच `Font size`. नुसता `Font size` टोकाला नेला की बटणांवरचे शब्द अर्धवट तुटून पुढे तीन टिंबं येतात. 2023 च्या अँड्रॉइड 14 मध्ये अक्षर 200 टक्क्यांपर्यंत जातं, पण छोटा मजकूर जास्त आणि आधीच मोठी असलेली शीर्षकं कमी वाढतात, त्यामुळे मोडतोड बरीच कमी झाली. विंडोजमध्येही `Scale` आणि `Text size` अशी हीच जोडी आहे, क्रमही तोच ठेवावा.

राहिला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागची पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक. 2008 च्या वेब अ‍ॅक्सेसिबिलिटी नियमांत नेहमीच्या अक्षरासाठी 4.5 ला 1 हे प्रमाण आलं. निरोगी नजरेला किमान 3 लागतो असं धरलं, आणि साधारण ऐंशीच्या आसपास नजर 6/12 च्या जवळ येते, म्हणजे निरोगी डोळ्याला 12 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसतं, तेवढी घट भरून काढायला दीडपट केलं, म्हणून 4.5. पांढऱ्यावर `#999` रंगाचं फिकट करडं अक्षर 2.85 च्या आसपास भरतं, ते आत्याला दिसतच नव्हतं, कितीही झूम केलं तरी. विंडोजचा हाय कॉन्ट्रास्ट लावला तर रंग जबरदस्तीने बदलतात, जुन्या ब्राउझरमध्ये तर पानाच्या मागे लावलेली चित्रं उडायची आणि त्यासोबत काही बटणांचे आयकॉनही. आत्याला पांढऱ्या उजेडाचा त्रास होत होता म्हणून डार्क मोड लावून बघितला, वाचायला सोपं गेलं. काकांना मात्र अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे, त्यांना काळ्यावरचं पांढरं अक्षर पसरल्यासारखं दिसतं, त्यांच्याकडे पांढरी पार्श्वभूमीच ठेवली आणि ब्राइटनेस उतरवला.