‘डिडन्ट वेन्ट’ आलं कुठून?

सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या वर्गात ‘तो शाळेत गेला नाही’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला दिलं, की काही वह्यांत हमखास ‘ही डिडन्ट वेन्ट टू स्कूल’ सापडतं. आपण त्यावर लाल शाईची रेघ मारतो आणि ‘डिडनंतर पहिलं रूप’ म्हणून पुढे जातो. मुलानं तसं का लिहिलं, ते मात्र तिथेच राहून जातं.

मराठीत आपण ‘जात नाही’, ‘गेला नाही’, ‘जाणार नाही’ असं म्हणतो. ‘नाही’ तिन्ही ठिकाणी तोच आहे. कर्त्याप्रमाणे त्याचा कधी ‘नाहीस’, कधी ‘नाहीत’ होतो, एवढंच. काळ दिसतो तो ‘जात’, ‘गेला’, ‘जाणार’ या शब्दांत. म्हणून मूल ‘नाही’च्या जागी ‘डिडन्ट’ ठेवतं, ‘गेला’च्या जागी ‘वेन्ट’ ठेवतं, आणि त्याच्या दृष्टीनं वाक्य पुरं होतं. भूतकाळ आधीच ‘डिड’मध्ये येऊन बसला आहे, हे त्याला दिसत नाही.

इंग्रजीचीही एके काळी हीच रीत होती. 1611 च्या बायबलमध्ये ‘द वर्ल्ड न्यू हिम नॉट’ असं वाक्य आहे. त्याचं मराठी करा: ‘जगानं त्याला ओळखलं नाही’. ‘न्यू’ म्हणजे ओळखलं, ‘नॉट’ म्हणजे नाही. काळ मुख्य क्रियापदावरच आहे. पण त्या वाक्यात ‘डिड’ नाही. ‘डू’ची मदत घेऊन नकार करण्याची पद्धत पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून वाढत गेली. स्वीडिश अभ्यासक अल्वार एलेगोर्ड यांनी 1953 मध्ये जुन्या मजकुरांतली अशी वाक्यं मोजून तिची वाढ दाखवली. 1700 च्या सुमारास ती बहुतेक क्रियापदांना लागू झाली होती. ‘आय नो नॉट’सारखे थोडे प्रयोग मागे उरले. ‘डिड’ आलं आणि काळाचा भार त्यानं उचलला. मग मुख्य क्रियापद ‘कॅन’, ‘विल’ यांच्यानंतर येतं तसं मूळ रूपात राहू लागलं. ‘डिडन्ट वेन्ट’मध्ये काळ दोनदा येतो: एकदा नव्या रीतीनं, एकदा जुन्या.

सोलापुरात याला आणखी एक बाजू आहे, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कानडी. कानडीत ‘तो गेला’ म्हणजे ‘होदनु’, पण ‘तो गेला नाही’ म्हणजे ‘होगलिल्ल’. तेलुगूत ‘वेळ्ळाडु’ आणि ‘वेळ्ळलेदु’. दोन्हींत नकार येताच ‘गेला’चं रूप गळून पडतं आणि उरतं ते ‘जा’चं काळ नसलेलं रूप, म्हणजे ‘गो’सारखं. त्यामुळे अशा घरातल्या मुलाला ‘डिडन्ट गो’ची मांडणी दाखवायला त्याची घरची भाषाच हाताशी असते. नुसतं मराठी बोलणाऱ्या मुलाला तसा आधार नाही.

तरी सगळा भार मराठीवर टाकू नये. इंग्रजी घरात वाढणारी लहान मुलंही काही काळ ‘आय डिडन्ट ब्रोक इट’ असं बोलतात. नव्या शिकणाऱ्याला काळ जिथे जाणवतो तिथे तिथे लावावासा वाटतो.

‘शी डझन्ट लाइक्स’चं कूळ वेगळं. ‘तिला आवडत नाही’मध्ये त्या ‘एस’सारखं काहीच नाही. तो ‘एस’ आपणच पाठ करून घेतलेला असतो: ही, शी, इट आलं की क्रियापदाला ‘एस’. ‘डझन्ट’ त्यानंतर शिकवला जातो. तो ‘एस’ आता ‘डू’ला लागून ‘डझ’ झाला, हे कुणी दाखवलं नाही तर मूल जुना नियम इमानदारीनं पाळतं.

चूक समजून घ्यायची तर क्रियापद नीट निवडावं लागतं. ‘ही डिडन्ट कट इट’ बरोबर लिहिलं म्हणून रूप कळलं असं धरू नका. ‘कट’ भूतकाळातही ‘कट’च राहतं. ‘गो’, ‘ईट’, ‘सी’ द्या, म्हणजे खरं काय ते दिसेल.

‘टू’नंतरच्या ‘आय वॉन्टेड टू वेन्ट’चं मूळ आणखी मागे जातं. मराठीत ‘जायला’ या शब्दावर ‘-ला’ दिसतो. काळ लावायचा नाही, हे रूपच सांगतं. जुन्या इंग्रजीतही अशा रूपाला शेवट होता: पिणे म्हणजे ‘ड्रिंकन’, आणि ‘टो’नंतर ‘ड्रिंकेन्ने’. साधारण 1500 पर्यंत ते शेवट झिजून गेले आणि नुसतं ‘ड्रिंक’ उरलं. आज ‘गो’कडे पाहून ते वर्तमानकाळाचं आहे की ‘जायला’तलं, हे ओळखायला डोळ्यांना काही खूण सापडत नाही. ‘मला काल जायचं होतं’ म्हणताना मुलाच्या मनात ‘काल’ असतो, आणि ‘गो’ला ‘वेन्ट’ होण्यापासून अडवणारं त्या शब्दात काहीच उरलेलं नाही.