"साहेब, बाराच्या आत बसवा ना" असं सांगायच्या आधी हे वाचा (आर्थिक वर्ष २०२५-२६, नवीन रिजीम)

जून-जुलैत आमच्याकडे येणारा निम्मा क्लायंट कागद बाहेर काढायच्या आधी आकडा सांगतो, अकरा लाख नव्व्याण्णव हजार दाखवा. कारण एकच, बारा लाखांच्या वर एक रुपया गेला की साठ हजार टॅक्स बसतो असं कुणीतरी सांगितलेलं असतं. तसं होत नाही.

बारा लाखांपर्यंत टॅक्स साठ हजार निघतो आणि रिबेटमुळे तो पूर्ण माफ होतो हे बरोबर. पण त्याच्या वर गेलात तर मार्जिनल रिलीफ आहे, म्हणजे बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढाच जास्तीत जास्त टॅक्स, त्यावर ४ टक्के सेस. १२,१०,००० झाले तर हिशोबाने टॅक्स ६१,५०० येतो पण भरायचे १०,००० आणि सेसचे ४००, बस. हे साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत चालतं, त्यापुढे नेहमीचा हिशोब. पगारदारांना ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन असल्यामुळे त्यांची रेघ पावणेतेरा लाखांवर येते.

आता खरं सांगायचं तर त्या सत्तर हजारांच्या पट्ट्यात वर मिळालेलं सगळंच टॅक्समध्ये जातं, त्यामुळे तिथे कुणाला आत राहावंसं वाटलं तर आम्ही नावं ठेवत नाही. सोळा लाख, वीस लाख या स्लॅबवर मात्र लोक उगाच घाबरतात, सोळाच्या वर दहा हजार गेले तर त्या दहा हजारांनाच १५ ऐवजी २० टक्के लागतात, फरक पाचशे रुपये आणि सेसचे वीस.

एक उदाहरण बघा. इंटिरिअरचं काम करणारा, ४४एडीएमध्ये रिटर्न भरणारा माणूस. वर्षाची जमा २४ लाख ८० हजार, निम्मं उत्पन्न धरलं की १२ लाख ४० हजार, दुसरं उत्पन्न नाही. त्याचं म्हणणं मार्चमधलं ८० हजारांचं बिल सोडून द्या म्हणजे बरोब्बर बारा. पण त्या ८० हजारांतले ४० हजारच उत्पन्नात येतात, त्यावर टॅक्स सेससकट ४१,६००, म्हणजे ८० हजारांतले ३८,४०० त्याच्याकडे राहतातच की, खर्च काय झाला तो वेगळा. आणि बिल्डरने त्या बिलावर १० टक्क्यांनी ८ हजार टीडीएस कापून भरलाय, तो २६एएसमध्ये दिसतोय, आणि गंमत म्हणजे साहेबांना ते ८ हजार रिफंडही हवेत! जमा दाखवायची नाही आणि तिच्यावरचा टीडीएस मागायचा, हे सिस्टिमला पकडायला माणूस लागत नाही. माहीत असून जमा लपवली असं ठरलं तर दंड टॅक्सच्या २०० टक्के, इथे ८३,२००, वर टॅक्स आणि व्याज आहेच.

अमेरिकेत इमॅन्युएल सायझ यांनी २०१० मध्ये टॅक्स क्रेडिटच्या पहिल्या टप्प्याजवळ रिटर्नची अशीच गर्दी दाखवली होती, आणि ती गर्दी मुख्यतः स्वतःचा धंदा करणाऱ्यांची होती. पगारदाराचा आकडा कंपनीच कळवते, त्याला हलवायला जागा नसते. आपल्याकडे आता टीडीएस आणि एआयएसमुळे धंदेवाल्याचीही जागा कमी होत चालली आहे.

आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो तर आकडा आधी ठरवून आलेल्या रिटर्नमध्ये. एप्रिलमध्ये घाईघाईत ११,९५,००० भरायला लावतात, आणि बँकेच्या शेवटच्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नची मुदत ३१ मे, त्यानंतर एआयएसमध्ये एफडीचं वीस हजार व्याज उगवतं, झाले १२,१५,०००, मग रिवाइज्ड रिटर्न. म्हणून जूनच्या आधी आम्ही रिटर्न भरत नाही. यावरून काही जण नाराज होऊन दुसरीकडे गेले, चालेल.

खरंच आत राहायचं असेल तर ते ३१ मार्चच्या आधी होतं. पगारदारांनी मालकाकडून एनपीएसमध्ये भरणा मागून घ्यावा, तो नवीन रिजीममध्येही वजा होतो. ८०सीच्या पावत्या आणू नका, इथे चालत नाहीत. व्यावसायिकांनी पैसे आल्यावर जमा धरायची की बिल केल्यावर हे एकदा ठरवावं आणि दरवर्षी तेच करावं. पैसे आल्यावर धरत असाल आणि पैसे खरंच एप्रिलमध्ये आले तर ती जमा आणि तिचा टीडीएस दोन्ही पुढच्या वर्षी, त्यात चोरी नाही. शेअरच्या विशेष दराच्या नफ्यावर रिबेट लागत नाही, तो टॅक्स बाराच्या आत असलात तरी वेगळा निघतो.

रिटर्न आमच्याकडे असणाऱ्यांना फेब्रुवारीत हा अंदाज आम्ही फी न घेता काढून देतो. येताना सगळ्या बँकांची स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या, केलेली बिलं आणि शेअर ब्रोकरचा रिपोर्ट आणा, आकडा घरीच ठेवा.