गर्भारपण आणि हरितालिकेचा निर्जळी उपवास (गोवा)

भाद्रपद शुद्ध तृतीयेला सुवासिनी आणि कुमारिका गौरी-महादेवाची पूजा करून जो उपवास धरतात तो हरितालिकेचा. गोव्यात या दिवसाला ‘तय’ म्हणतात. एरवीच्या एकादशीला किंवा संकष्टीला फराळ चालतो. इथे परंपरेने पाण्याचा घोटही वर्ज्य. त्यामुळे पोटुशी बाईच्या दृष्टीने वर्षातल्या उपवासांत हाच जास्त जड जातो.

त्यातून तय ही चवथीची पूर्वसंध्या. घरात माटोळी बांधायची असते, नेवऱ्या तळायच्या असतात, खतखत्याच्या भाज्या चिरून ठेवायच्या असतात. पावसाळी दमट हवेत चुलीपुढे घाम येतो, पण तो वाळत नाही, म्हणून अंगही थंड होत नाही. उपवास एका जागी बसून केलेला नसतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे लागते.

सातव्या महिन्यातली एखादी बाई घेऊ. द्वितीयेच्या रात्री 9 वाजता ती जेवली. गर्भारपणाच्या उत्तरार्धात बाळ वारेतून सतत साखर ओढत असते. त्यामुळे आईची रक्तातली साखर लवकर खाली येते, शरीर चरबी जाळू लागते आणि कीटोन वाढतात. नॉर्बर्ट फ्रिंकेल या वैद्यकशास्त्रज्ञाने याला ‘वेगवान उपासमार’ म्हटले. एरवी बऱ्याच लांबलेल्या उपवासात दिसणारे हे बदल गर्भवतीत 12 ते 18 तासांतच दिसू लागतात. म्हणजे आपल्या उदाहरणात सकाळी 9 वाजता, पूजेला बसतानाच, त्यांची सुरुवात होते. दुपारी 3 वाजता ती नेवऱ्यांच्या कढईपाशी असते तेव्हा 18 तास होऊन गेलेले असतात. पारणे दुसऱ्या दिवशी सकाळी 6 वाजता केले तरी एकूण 33 तास.

बाळ कीटोनही वापरू शकते, म्हणून एखादे जेवण चुकल्याने निरोगी गर्भवतीचे मोठे नुकसान होते असे डॉक्टर मानत नाहीत. गर्भारपणातल्या उपवासावरचे बहुतेक अभ्यास रमजानच्या रोजांचे आहेत, आणि त्यांत बाळाच्या सरासरी वजनात ठळक फरक आढळलेला नाही. पण रोज्यात सूर्यास्तानंतर खाणेपिणे होते. त्या निष्कर्षावर विसंबून 33 तास कोरडे राहणे चुकीचेच.

भुकेपेक्षा तहानेची काळजी आधी. आईच्या अंगातले पाणी कमी झाले की गर्भजलही घटू शकते. गर्भजल कमी असलेल्या बायकांना सुमारे दोन लिटर पाणी पाजल्यावर काही तासांत सोनोग्राफीत वाढ दिसल्याचे अभ्यास आहेत. पाणी कमी पडल्यावर काहींच्या पोटात कळाही येतात. लघवी गडद आणि थोडी होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, ही उपवास तिथेच सोडण्याची लक्षणे. बाळाची हालचाल मंदावली, कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या किंवा अंगावरून पाणी गेले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

गर्भारपणातला मधुमेह असल्यास हिशेब बदलतो. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर 140 किंवा वर आली की भारतात हे निदान सहसा केले जाते. इन्सुलिन घेणारीने नेहमीचा डोस टोचून उपाशी राहिले तर साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, गोंधळ ही त्याची खूण. डोस आपल्या मनाने बंद करणेही तितकेच घातक. अशा बाईला डॉक्टर सरळ नाही म्हणतात. तिच्यासाठी फराळही निरुपद्रवी नसतो: साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि केळे एकदम खाल्ले तर साखर चढते. थोडे दाणे, दही, दूध दर दोन-तीन तासांनी घेतलेले बरे. थायरॉइडची गोळी पाण्यासह वेळेवर घ्यायचीच.

शास्त्राची आडकाठी समजतात तेवढी नाही. ‘अष्टैतान्यव्रतघ्नानि’ या श्लोकात पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. घरात सासूनेच ‘तू आडसर पी गो, तुझी पूजा झाली’ म्हटले की प्रश्न मिटतो. आडसर म्हणजे शहाळे. (मधुमेह असल्यास त्याचेही प्रमाण विचारून घ्यावे.)

एक गोष्ट दवाखान्यात क्वचितच विचारली जाते. काही घरांत गणपतीला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत, आणि चवथीचा नैवेद्य दुपारी 1 वाजेपर्यंत सहज लांबतो. मग 33 चे 40 तास होतात. ‘उपवास करणार का’ याबरोबरच ‘पहिला घोट कधी घेणार’ हेही डॉक्टरांनी विचारायला हवे.