रेकॉर्डिंग मध्येच थांबलं: दोष कार्डाचा की तापलेल्या फोनचा?

लांबलचक कार्यक्रम फोनवर शूट करताना रेकॉर्डिंग अर्ध्यात बंद पडलं की दहापैकी नऊजण फोनमधल्या मेमरी कार्डाला शिव्या घालतात आणि दुसऱ्या दिवशी महागडं कार्ड आणतात. पुढच्या कार्यक्रमात फोन पुन्हा बंद पडतो. कारण हळू चालणारं कार्ड आणि तापलेला फोन या दोन अगदी वेगळ्या भानगडी आहेत, फक्त वरवर दोन्हींचा परिणाम एकच दिसतो: लाल ठिपका गायब.

आधी कार्डाचा हिशेब करू. कार्डाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला १५०, १७० एमबी प्रति सेकंद हा आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, आणि तोही ‘इथपर्यंत’ असा. रेकॉर्डिंगला लागतो तो लिहिण्याचा, न थांबता टिकणारा वेग. तो कार्डावरच्या छोट्या खुणांमधून कळतो. सी अक्षराच्या आत १०, म्हणजे क्लास १०, किंवा यू अक्षराच्या आत १ असेल तर सेकंदाला किमान १० एमबी. यू अक्षरात ३ किंवा व्ही अक्षरापुढे ३० असेल तर किमान ३० एमबी. ए१, ए२ या खुणा कार्डावर ॲप चालवण्यासाठीच्या आहेत, व्हिडिओसाठी त्या बघून कार्ड घेऊ नका.

आता फोनला खरंच किती लागतं? इथे एक घोळ हमखास होतो. कॅमेरा ॲपमध्ये दाखवतात ते मेगाबिट, कार्डावर असतात ते मेगाबाइट, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. समजा फोन फोरके, ३० फ्रेमवर सेकंदाला ४८ मेगाबिट लिहितोय. आठाने भागा: ६ मेगाबाइट. फुल एचडीला १७ मेगाबिट धरले तर दोनच्या थोडं वर. म्हणजे साधं, पण अस्सल, क्लास १० कार्डसुद्धा कागदावर पुरतं. जास्त बिटरेटचे मोड वापरायचे असतील तर व्ही३० घ्यावं. त्याहून वरचं कार्ड नेहमीच्या फोन रेकॉर्डिंगसाठी म्हणजे पैशांची उधळपट्टी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग कार्डामुळे रेकॉर्डिंग थांबतच नाही का? थांबतं, पण ते कार्ड बहुधा नकली, झिजलेलं किंवा गच्च भरलेलं असतं. २५६ जीबी छापलेल्या नकली कार्डात प्रत्यक्षात ३२ जीबीच असू शकतात. त्यापुढचं लिहिलेलं कुठेच साठत नाही आणि फोनला ते कळतही नाही. नवीन कार्ड विंडोज लॅपटॉपला लावून `h2testw` हा मोफत प्रोग्राम चालवला की तो कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघतो. वेळ खातो, पण खरी क्षमता आणि लिहिण्याचा वेग, दोन्ही सांगतो.

उष्णतेचं गणित निराळं आहे. सेन्सर, चित्रावर काम करणारी चिप, व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर आणि समोरचा स्क्रीन, सगळे एकाच वेळी राबत असतात. त्यात चार्जर लावला तर बॅटरी भरतानाची उष्णता वेगळी. आणि फोनला पंखा नसतो, उष्णता जाते ती फक्त अंगातून. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलंय. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या मंडपात सकाळी अकरालाच ते ओलांडलेलं असतं.

दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? फोन तापलाय तर तो आधी इशारे देतो: स्क्रीन आपोआप मंद होतो, फ्लॅश चालत नाही, चार्जिंग थांबतं, कॅमेऱ्याजवळची पाठ हाताला चटका देते. थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू केलं तर चालतं, पण दुसऱ्यांदा आधीपेक्षा लवकर बंद पडतं, कारण आतली उष्णता गेलेलीच नसते. कार्डाचा दोष असेल तर फोन थंड असतानाही, अगदी पहिल्या पाच मिनिटांतही ते होऊ शकतं; आवाज चालू राहतो आणि चित्र गोठतं, असंही दिसतं. शंका मिटवायला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये साठवण्याची जागा कार्डाऐवजी फोन करा आणि त्याच उन्हात, त्याच सेटिंगवर परत शूट करा. तरीही बंद पडलं तर कार्ड निर्दोष.

एक तिसरा चोरही आहे. ३२ जीबी आणि त्याखालची कार्डं सहसा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात आणि तिथे एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. बरेच फोन आपणहून पुढची फाइल सुरू करतात, काही तिथेच थांबतात. दर वेळी फाइल ४ जीबीच्या आसपासच तुटत असेल तर ना वेगाचा दोष, ना उष्णतेचा. ६४ जीबीचं कार्ड घ्या, त्यावर एक्सफॅट पद्धत असते आणि तिथे ही अडचण येत नाही.

आता प्रत्यक्ष आखणी. सप्ताहाचं काल्याचं कीर्तन, सकाळी दहा ते साडेबारा, म्हणजे १५० मिनिटं. आदल्या दिवशी त्याच सेटिंगवर पाच मिनिटं शूट करून फाइल किती झाली ते बघा. फुल एचडी, ३० फ्रेमवर ६५० एमबी आली असेल तर मिनिटाला १३०, पूर्ण कीर्तनाला साडेएकोणीस जीबी. फोरकेवर तोच फोन मिनिटाला ३६० एमबी लिहीत असेल तर ५४ जीबी. हिशेबापेक्षा पावपट जागा जास्त मोकळी ठेवा. बुवा एका जागी उभे, बहुतेक लोक मोबाइलवरच बघणार, तेव्हा मी फुल एचडीच घेईन. जागा वाचते हा त्यातला छोटा फायदा, फोन कमी तापतो हा मोठा.

फोनचं कव्हर काढा, विमान मोड लावा, ब्राइटनेस अगदी कमी करा. ट्रायपॉड सावलीत, आणि मंडपातल्या पंख्याचा वारा फोनच्या पाठीवर येईल असा. माइक मात्र वाऱ्याच्या झोतात नको. बॅटरी घरूनच पूर्ण भरून न्या आणि पॉवर बँक सुरुवातीपासून साध्या केबलने जोडा. बॅटरी भरलेली असली की तिच्यात फारसं चार्जिंग होत नाही. वीस टक्क्यांवर आल्यावर फास्ट चार्जर खुपसणं हे त्या उन्हात सगळ्यात वाईट, वायरलेस चार्जिंग तर नकोच. तापलेला फोन बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

आणि अडीच तास एकच फाइल चालवू नका. व्हिडिओ फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची नोंद बहुतेक फोन रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितात. मध्येच फोन बंद पडला तर जागा भरलेली असते, पण फाइल उघडत नाही. कीर्तनात गजर लागला, टाळकऱ्यांनी भजन उचललं की साधारण दर अर्ध्या तासाने थांबवून लगेच पुन्हा सुरू करा. दोन सेकंदांचा गजर जाईल, बुवांचा दृष्टान्त जाणार नाही.

पाकिटावरचा तो मोठा आकडा उपयोगी पडतो घरी आल्यावर, कॉपी करताना. तोही कार्ड रीडर चांगला असेल तरच: जुन्या यूएसबी २.० रीडरमधून सेकंदाला पस्तीसेक एमबीच येतात, म्हणजे साडेएकोणीस जीबीला नऊ-दहा मिनिटं. कॉपी झालेली प्रत्येक फाइल शेवटपर्यंत सरकवून बघा, मगच कार्ड पुसा.