चार की पाच? प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेतल्या एका सेंटिमीटरची पार्श्वभूमी

ठाण्या-नवी मुंबईच्या नर्सिंग कॉलेजांत मॅटर्निटीची केस स्टडी लिहिताना दरवर्षी एकच घोळ होतो. पुस्तकात लिहिलेलं असतं, की गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलं की सक्रिय टप्पा सुरू झाला. पोस्टिंगला गेल्यावर लेबर रूमच्या भिंतीवर नवा तक्ता दिसतो, त्यात ५ सेंटिमीटर. एखादी सीनिअर सिस्टर अजून ३ म्हणते, आणि नेटवर वाचलेलं कुणीतरी ६ सांगतं. या चारही आकड्यांमागे काही ना काही कारण होतं. ते कळलं नाही तर कुठलं निरीक्षण किती वेळाने करायचं, हे नुसतं पाठ करावं लागतं.

त्याआधी शब्दांचा एक गुंता सोडवून घेऊ. इंग्रजीत 'स्टेज' आणि 'फेज' हे वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे दोन्हींना 'अवस्था' म्हणतात. त्यामुळे उत्तरपत्रिकेत 'दुसरी अवस्था म्हणजे सक्रिय अवस्था' असं वाक्य सापडतं, आणि ते साफ चूक आहे. इथे स्टेजला अवस्था आणि फेजला टप्पा म्हणू. सुप्त आणि सक्रिय हे दोन्ही टप्पे पहिल्या अवस्थेतलेच, म्हणजे खऱ्या कळा सुरू झाल्यापासून तोंड पूर्ण १० सेंटिमीटर उघडेपर्यंतचे. बाळ बाहेर येईपर्यंत दुसरी, वार पडेपर्यंत तिसरी, आणि त्यानंतरचे एक-दोन तास चौथी. त्या तासांना काही पुस्तकं अवस्था मानतच नाहीत, आपल्याकडे मात्र ती शिकवतात, आणि ते योग्यच आहे.

बाळंतपणाला आलेख मिळाला तो १९५० च्या दशकात. न्यूयॉर्कमधल्या एका प्रसूतितज्ज्ञाने ५०० पहिलटकरणींच्या नोंदी घेऊन वेळ आणि तोंड उघडणं यांची रेघ काढली, आणि १९५५ मध्ये ती छापून आली. रेघ आधी जवळजवळ आडवी जाते आणि मग एकदम वर चढते. त्या आडव्या भागाला सुप्त आणि चढाच्या भागाला सक्रिय हे नाव पडलं. चढाच्या भागात पहिलटकरणीचं तोंड तासाला १.२ सेंटिमीटरपेक्षा हळू उघडत असेल तर ते मागे पडतंय असं समजायचं, हे तिथूनच आलं. त्या काळी तपासणी बऱ्याचदा गुदमार्गातून व्हायची, बायकांना गुंगीची औषधं दिलेली असायची आणि चिमटा लावणं नेहमीचंच होतं. अशा बायकांची रेघ पुढची पन्नास वर्षं जगभरच्या बायकांना लावली गेली.

१९७२ मध्ये आजच्या झिंबाब्वेत, त्या वेळच्या ऱ्होडेशियात, दोन डॉक्टरांनी या रेघेचा वेगळा उपयोग केला. लांबच्या दवाखान्यातल्या सुईण-परिचारिकेला बाई मोठ्या रुग्णालयात कधी पाठवायची हे कळावं, म्हणून त्यांनी तासाला १ सेंटिमीटर चढणारी सावधानतेची रेघ आखली आणि तिच्या उजवीकडे ४ तासांवर कृतीची रेघ. पार्टोग्राफ तो हाच. त्या ४ तासांत गाडी मिळवणं आणि रस्ता कापणं धरलेलं होतं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून ठाण्याला येणाऱ्या बाईचा विचार केला तर त्या रेघेमागची दूरदृष्टी लगेच समजते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक पातळीवर एकच पार्टोग्राफ ठरला. त्यात सुप्त टप्प्याला ८ तास दिलेले होते आणि सक्रिय टप्पा ३ सेंटिमीटरला सुरू व्हायचा. आग्नेय आशियात ३५ हजारांहून अधिक बाळंतपणांवर तो वापरून पाहिला, आणि लांबलेल्या कळा व कळा वाढवणारी अनावश्यक ड्रिप कमी झाल्याचं १९९४ मध्ये छापून आलं. पण सुप्त टप्पा कागदावर आला की परिचारिका घाईला यायच्या, नुसत्या खोट्या कळा असलेली बाईही 'मागे पडलेली' दिसायची. म्हणून २००० मध्ये सुप्त टप्पा तक्त्यातून काढला आणि सुरुवात ४ वर नेली. आपल्या सरकारी प्रशिक्षणात २०१० च्या सुमारास आलेला सोपा पार्टोग्राफ याच घराण्यातला. त्यात लहान केंद्रासाठी नियम आणखी कडक आहे: सावधानतेची रेघ ओलांडली की पुढे पाठवा.

मग २०१० मध्ये अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांच्या, ६२ हजारांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी बाहेर आल्या. बाळ सुखरूप झालेल्या बायकांतही ४ वरून ५ ला जायला ६ तासांपेक्षा जास्त लागू शकतात, आणि खरा वेग ६ नंतर येतो, असं त्यांत दिसलं. तिथे २०१४ मध्ये ६ हा आकडा स्वीकारला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाने २०१८ मध्ये ५ निवडला आणि २०२० च्या अखेरीस त्यावर बेतलेला नवा तक्ता दिला. त्यात तिरकी रेघच नाही. प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मर्यादा आहे: ५ वर ६ तास, ६ वर ५, ७ वर ३, ८ वर अडीच आणि ९ वर २ तास.

माझं मत ५ च्या बाजूने आहे, आणि ते लपवत नाही. पण हा आकडा बोटांनी ठरतो, हे विसरता येत नाही. एकच तोंड एका सिस्टरला ४ वाटतं तर दुसरीला ५. म्हणूनच शक्यतो एकाच व्यक्तीने दर ४ तासांनी आतून बोटांनी तपासणी, म्हणजे पीव्ही, करावी, आणि पहिल्या नोंदीशेजारी तपासणाऱ्याची सही असावी. ज्या एका सेंटिमीटरवर एवढा वाद झाला, त्याच एका सेंटिमीटरने बोटं चुकतात.

वर्गात वापरण्यासाठी रचलेली एक केस घेऊ. दिघ्याची २४ वर्षांची पहिलटकरीण, ३९ आठवडे पूर्ण. रात्री २ पासून कळा, सकाळी ८ ला भरती. १० मिनिटांत २ कळा, प्रत्येकी ३० सेकंद. पोटावरून डोकं ४/५, म्हणजे पाचपैकी चार भाग, हाताला लागतं, पाणमोट शाबूत, बाळाचे ठोके १३८, तोंड ४ सेंटिमीटर. दुपारी १२ ला ५. संध्याकाळी ४ ला ७, पावणेसातला १०.

जुन्या पार्टोग्राफवर ८ वाजताचा ४ सावधानतेच्या रेघेवर बसतो. १२ वाजता रेघ ८ मागते आणि बाई ५ वर आहे. लहान केंद्रात असती तर याच क्षणी गाडी बोलावून तिला पाठवलं असतं. मोठ्या रुग्णालयात थांबली असती तर ४ वाजता कृतीची रेघही ८ ला पोचते, बाई ७ वर, म्हणजे तीही ओलांडली. बहुधा ड्रिप लागली असती, कदाचित सिझेरियनच्या संमतीपत्रावर सही घेतली गेली असती. नव्या तक्त्यावर ८ वाजता ती सुप्त टप्प्यातच आहे. १२ ला ५ झाल्यावर तक्ता सुरू होतो, ६ तासांची मुभा असते, आणि ४ तासांत ती ७ वर येते. वेगाबाबतचा एकही इशारा पेटत नाही. बाई तीच आणि कळा त्याच, तरीही दोन कागद तिच्याबद्दल वेगळं सांगतात.

पण ८ ते १२ मध्ये तिच्याकडे कोणी पाहिलं? नव्या पद्धतीची खरी जोखीम हीच आहे. तक्ता सुरू झालेला नाही म्हणून बाई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसते, नातेवाईक 'अजून वेळ आहे' ऐकून चहाला जातात, आणि चार तास ठोके ऐकले जात नाहीत. सुप्त टप्प्यातही दर तासाला ठोके आणि कळा, दर ४ तासांनी ताप आणि रक्तदाब, आणि पाणी फुटलं तर त्याच क्षणी त्याचा रंग व ठोके बघायचे असतात. हिरवट पाणी आलं की तोंड किती उघडलंय याचा हिशेब मागे पडतो आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे कळवायचं.

सक्रिय टप्प्यात दर अर्ध्या तासाला ठोके, कळा आणि आईची नाडी. ठोके कळ ओसरताना आणि ओसरल्यावर, निदान १ मिनिट, आईच्या नाडीवर हात ठेवून मोजायचे, म्हणजे आईचीच नाडी बाळाची म्हणून लिहिली जात नाही. ११० पेक्षा कमी किंवा १६० आणि त्यावर असेल तर इशारा. कळा १० मिनिटं घड्याळ धरून, पोटावर हात ठेवून मोजायच्या. १० मिनिटांत २ किंवा कमी म्हणजे अपुऱ्या, ५ पेक्षा जास्त म्हणजे बाळाला दम घ्यायला वेळ नाही. आणखी दोन गोष्टी विद्यार्थिनी नेहमी सोडतात: डोकं खाली सरकतंय का, आणि कवटीची हाडं एकमेकांवर चढतायत का. वर दिलेल्या केसमध्ये ४ वाजता तोंड ७ असूनही डोकं पोटावर ४/५ च राहिलं असतं आणि हाडं पक्की चढलेली असती, तर वेळेची मर्यादा उरलेली असली तरी ती अडलेली प्रसूती असू शकते. तोंड उघडतंय एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

नव्या तक्त्यात सोबतीण आहे का, पाणी दिलं का, वेदनेवर काय केलं, हेही रकाने आहेत. आमच्या भागात लेबर रूममध्ये सोबतीला येणारी बहुतेक आई किंवा नणंद असते. तिला बाहेर बसवून तो रकाना भरू नये.

केस पुढे नेऊ. पावणेसातला दुसरी अवस्था सुरू झाली, म्हणून आता ठोके दर ५ मिनिटांनी, प्रत्येक कळेनंतर. पहिलटकरणीसाठी मर्यादा ३ तास, आधी बाळंतपण झालेलीसाठी २. साडेसातला मुलगी झाली, लगेच रडली. पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन दंडात किंवा मांडीत. पावणेआठला वार पडली, तिचे सगळे तुकडे आणि पडदे पूर्ण आहेत का ते पसरून पाहिलं.

तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतही एका आकड्याचा वाद आहे. ५०० मिलिलिटर रक्त गेलं की जास्त, असं आपण शिकलो, पण डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी पडतो. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत मापाच्या खुणा असलेली पिशवी बाळंतिणीखाली ठेवून रक्त मोजलं आणि उपचार एकत्र, लगेच सुरू केले. तेव्हा गंभीर रक्तस्रावाचे प्रसंग ६० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानंतर नाडी-रक्तदाब बिघडलेले असतील तर ३०० मिलिलिटरलाच हालचाल सुरू करावी, असा कल आहे.

आपल्या बाळंतिणीचं चौथ्या अवस्थेतलं निरीक्षण दर १५ मिनिटांनी होतं. पहिल्या दोन नोंदी ठीक होत्या. सव्वाआठला गर्भाशय मऊ, बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेलं लागलं, पॅड भिजलेलं, नाडी ९६. पोटावर आणखी हात लावला तर मूत्राशय तुंबलेलं होतं. बेडपॅन दिला, ५०० मिलिलिटर लघवी झाली, गर्भाशय चोळल्यावर नारळासारखं घट्ट झालं आणि मधोमध आलं. साडेआठला नाडी ८४, रक्तस्राव एकूण ३२० मिलिलिटर, बाळ अंगावर लावलेलं.