तोच सहा ओहम, पण करंट वेगळा: सोर्स ट्रान्सफॉर्मेशनच्या आधीचं सर्किट आणि नंतरचं

मावसभाऊ डिप्लोमाच्या सेकंड इयरला आहे, त्याने परवा एका लॅडरच्या गणिताचा फोटो पाठवला. लोडचा करंट १ अँपिअर, बरोब्बर. मग खाली उपप्रश्न होता की बॅटरीला जोडलेल्या ६ ओहममधून किती करंट जातो, तिथे साहेबांनी १.५ लिहिलं आणि गुण गेले. "दादा, ६ ओहम तर तोच आहे ना, मी बदललाच नाही." हीच ती गोची. तो ६ ओहम तोच नाहीये, नुसता आकडा तोच आहे.

आधी सर्किट सांगतो, वहीवर काढून घ्या. डावीकडे ३६ व्होल्टचा सोर्स, त्याच्याशी सिरीजमध्ये ६ ओहम (याला डावा सहा म्हणू), मग नोड अ. अ पासून खाली ग्राउंडला ३ ओहम. अ पासून पुढे ४ ओहम, मग नोड ब. ब पासून खाली ग्राउंडला परत ६ ओहम, हा उजवा सहा. ब पासून पुढे १ ओहम आणि शेवटी २ ओहमचा लोड, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला. आपल्याला फक्त लोडचा करंट हवाय. मेशने केलं तर तीन समीकरणं, एक करंट काढायला तेवढा खटाटोप कशाला. त्यापेक्षा सोर्स ट्रान्सफॉर्मेशन करू, म्हणजे व्होल्टेज सोर्स आणि सिरीज रेझिस्टरची जोडी फिरवून करंट सोर्स आणि पॅरलल रेझिस्टरची करायची, आणि लागेल तेव्हा उलटंही.

डावीकडून सुरू करू. ३६ व्होल्ट आणि सिरीजचा ६ ओहम, याच्या जागी ३६ भागिले ६ म्हणजे ६ अँपिअरचा करंट सोर्स आणि त्याला पॅरलल ६ ओहम. आता हा ६ आणि खाली जाणारा ३ पॅरलल आले, झाले २ ओहम. उलटं फिरवा, ६ गुणिले २ म्हणजे १२ व्होल्ट आणि सिरीजमध्ये २ ओहम, त्यात पुढचा ४ मिळवला की १२ व्होल्ट आणि ६ ओहम. परत फिरवा, २ अँपिअर आणि पॅरलल ६, त्याला उजवा सहा पॅरलल, झाले ३ ओहम. शेवटचं फिरवणं, ६ व्होल्ट आणि सिरीजमध्ये ३ ओहम. पुढे १ आणि २ उरलेत, एकूण ६ ओहम, करंट १ अँपिअर. संपलं. एकही समीकरण सोडवायला लागलं नाही, सगळं तोंडी.

आता मुद्द्याचं. पहिल्याच पायरीची दोन चित्रं शेजारी ठेवा, फक्त नोड अ च्या डावीकडचा भाग. पहिल्यात ३६ व्होल्ट आणि सिरीज ६, दुसऱ्यात ६ अँपिअर आणि पॅरलल ६. बाहेरून म्हणजे नोड अ आणि ग्राउंड या दोन टोकांकडून बघितलं तर दोन्हीत काडीचाही फरक नाही. पण आत?

ते बघायला उत्तरावरून मागे येऊ. लोडमध्ये १ अँपिअर, १ आणि २ मिळून ३ ओहम, म्हणजे नोड ब ला ३ व्होल्ट. उजव्या सहामधून ०.५ अँपिअर. म्हणजे ४ ओहममधून १.५, त्याच्यावर ६ व्होल्ट पडले, नोड अ ला ९ व्होल्ट. ३ ओहममधून ३ अँपिअर. बेरीज ४.५, म्हणजे मूळ सर्किटमध्ये डाव्या सहामधून ४.५ अँपिअर जातो. चेक करा, ४.५ गुणिले ६ म्हणजे २७, ३६ मधून २७ गेले उरले ९, जुळलं.

आणि बदललेल्या चित्रात? तिथे ६ ओहम थेट नोड अ आणि ग्राउंडच्या मध्ये आहे, त्याच्यावर ९ व्होल्ट, म्हणून १.५ अँपिअर. भावाने हाच लिहिला होता. करंट सोर्सचे ६, त्यातले १.५ या सहामधून परत खाली गेले, बाहेर पडले ४.५. बाहेर पडणारा ४.५ दोन्हीकडे सेम, पण आतल्या रेझिस्टरचा एकीकडे ४.५ आणि एकीकडे १.५. पॉवर काढली तर फरक अजूनच डोळ्यात भरतो: मूळ सोर्स १६२ वॅट देतो आणि त्यातले १२१.५ डाव्या सहामध्येच जळतात, बदललेला सोर्स ५४ वॅट देतो आणि १३.५ जळतात, आणि बाहेर दोन्हीकडून ४०.५ वॅटच जातात. बाहेर काहीच जोडलं नाही तर अजून गंमत, मूळ जोडी गप्प बसते, शून्य वॅट, आणि दुसरी जोडी आतल्या आत २१६ वॅट जाळत बसते.

म्हणून जो करंट विचारलाय तो ज्या रेझिस्टरमधून जातो तो रेझिस्टर फिरवताना गिळायचा नाही. उजव्या सहाचा करंट विचारला असता तर मी डावीकडून १२ व्होल्ट आणि ६ ओहमपर्यंत आलो असतो आणि तिथेच थांबलो असतो, उजवीकडचे १ आणि २ मिळून ३ ओहम, मग मधला नोड ३ व्होल्टचा निघतो आणि सहामधून ०.५. गिळून झाल्यावर आठवलं तर काही बिघडत नाही, नोडचं व्होल्टेज काढून मूळ चित्रात परत जायचं, वर गेलो तसं. शेवटच्या चित्रातल्या ३ ओहमचा करंट मात्र मूळ सर्किटमधल्या कुठल्याच रेझिस्टरचा म्हणून लिहू नका, तो ३ ओहम अख्ख्या डाव्या भागाचा मिळून झालाय.

कोणी म्हणेल, मग ६ व्होल्ट आणि ३ ओहम हे तर थेवेनिनच झालं. हो, तेच. फक्त रस्ता वेगळा. थेवेनिन सरळ करायला गेलात तर लोडची फांदी उघडायची आणि नोड ब चं व्होल्टेज शोधायचं, त्यात ४ आणि ६ मिळून १०, मग ३ आणि १० पॅरलल म्हणजे ३०/१३, इथेच माझा मूड जातो. उत्तर ६ व्होल्टच येतं, पण लॅडरमध्ये पायरीपायरीने फिरवणं जास्त सुटसुटीत वाटतं मला.

आता एक चूक जी एकाच सोर्समध्ये फार त्रास देत नाही, दोन झाले की मारते. करंट सोर्सचा बाण नेहमी व्होल्टेज सोर्सच्या प्लसकडे. समजा उजव्या सहाच्या खाली, ग्राउंडच्या आधी, १२ व्होल्टचा सोर्स घातला. त्याचं फिरवून २ अँपिअर आणि पॅरलल ६. प्लस वर असेल तर बाण वर, आधीचे २ आणि हे २ मिळून ४ अँपिअर, ३ ओहमवर १२ व्होल्ट, लोडला २ अँपिअर. प्लस खाली असेल तर बाण खाली, २ वजा २ शून्य, लोडला काहीच नाही. बाण उलटा काढला की २ च्या जागी शून्य येतं आणि वरची सगळी गणितं बरोबर दिसत राहतात, म्हणून शोधूनही चूक सापडत नाही.

आणि सोर्सला सिरीजमध्ये रेझिस्टरच नसेल तर फिरवता येत नाही, शून्याने भागायला लागेल. अशा सोर्सला थेट पॅरलल रेझिस्टर दिला असेल तर तो बाहेरच्यासाठी बिनकामाचा, लोडचा करंट काढताना खोडून टाका. पण सोर्सचा एकूण करंट विचारला असेल तर तोच रेझिस्टर आठवणीने परत चित्रात घ्या, भाऊ पुढच्या गणितात नेमका तो विसरला.